फॉलोअर्सची यादी झाकता येते का?

*ताई, मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि काजू इन्स्टाग्रामवरून विकते. चार हजारांच्या आसपास फॉलोअर्स आहेत, अकाउंट बिझनेसचं आहे. गेल्या मोसमापासून माझे चुलत दीर माझ्या यादीतल्या माणसांना एकेक करून मेसेज करतात, 'हाच माल, माझ्याकडे कमी दरात'. तीन गिऱ्हाइकांनी स्वतः मला ते मेसेज दाखवले. फॉलोअर्सची यादी झाकायची कशी? मुलगा म्हणतो, सरळ ब्लॉक कर. जाऊबाई म्हणतात, नुसतं रिमूव्ह कर, त्यांना कळणारही नाही. गणपतीत आम्ही सगळे एकाच घरात असतो. काय करू?*
*– एक वाचक, वेंगुर्ले तालुका*

वहिनी,

तुम्हाला हवं आहे तसं बटण इन्स्टाग्रामवर नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही सेटिंगमध्ये शोधत बसणार नाही. अकाउंट पब्लिक असेल तर लॉग-इन केलेला कुणीही तुमच्या प्रोफाइलवरच्या `Followers` या आकड्यावर बोट ठेवतो आणि यादी उघडते. फोटो दिसू द्यायचे आणि यादी तेवढी झाकायची, अशी सोय तिथे नाही.

मग 'यादी लपवता येते' हे लोक एवढ्या खात्रीने का सांगतात? कारण फेसबुकवर तशी सोय आहे. तिथे मित्रयादी कुणाला दिसावी हे वेगळं ठरवता येतं आणि `Only me` निवडलं की ती इतरांना दिसत नाही. तिथेही दोघांच्या ओळखीचे मित्र दिसत राहतात, पण निदान सोय तरी आहे. तेच ऐकून माणसं इन्स्टाग्रामवर शोधतात, सापडत नाही आणि मग 'यादी लपवून देतो' म्हणणारं एखादं बाहेरचं अ‍ॅप डाउनलोड करतात. तसं काही घेऊ नका. यादी इन्स्टाग्रामकडे असते, ती कुणाला दाखवायची हे बाहेरचं अ‍ॅप ठरवू शकत नाही. ते तुमचा पासवर्ड मात्र मागतं, आणि तो दिलात तर चार हजार गिऱ्हाइकांसकट दुकानच दुसऱ्याच्या हातात जातं.

यादी झाकायचा इन्स्टाग्रामवर एकच मार्ग आहे, अख्खं अकाउंट प्रायव्हेट करणं. `Account privacy` मध्ये जाऊन `Private account` चालू केलं की जो तुमचा फॉलोअर नाही त्याला फोटो, रील, स्टोरी काही दिसत नाही आणि फॉलोअर्सची यादीही उघडत नाही. तुमचं नाव, प्रोफाइलचा फोटो, खाली लिहिलेल्या चार ओळी आणि किती फॉलोअर्स आहेत तो आकडा मात्र दिसतोच. म्हणजे चार हजार आहेत हे कळतं, कोण कोण आहेत ते कळत नाही.

आता तुमच्या बाबतीत इथे दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही नीट समजून घ्या.

पहिली म्हणजे बिझनेस अकाउंट प्रायव्हेट होतच नाही. आधी `Account type and tools` मधून ते पर्सनल करावं लागतं. तसं केलं की कॉल, ई-मेलची बटणं जातात आणि कुठलं रील किती जणांनी पाहिलं, कुठल्या शहरातून पाहिलं, हा आजवर साठलेला हिशोबही जातो. त्याहून मोठं नुकसान विक्रीचं आहे. तुमचं रील एखादी बाई ठाण्यातल्या बहिणीला पाठवते आणि ती बहीण तुम्हाला फॉलो करत नाही, अशा वेळी तिच्या फोनवर काहीच उघडणार नाही. तिने रिक्वेस्ट पाठवायची, तुम्ही ती स्वीकारायची, मग तिला फणसपोळी दिसणार. तोवर ती दुसऱ्या कुणाकडून मागवून मोकळी होते. ओले काजूगर चार दिवसांवर आलेले असताना आणि आंब्याच्या चौकशा रोज पन्नास येत असताना, एकेका रिक्वेस्टवर हो-नाही करत कोण बसणार?

दुसरी अडचण लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रायव्हेट केल्याने यादी बाहेरच्यांपासून झाकली जाते, आत असलेल्यांपासून नाही. जो आधीपासून फॉलोअर आहे तो फॉलोअरच राहतो आणि त्याला पूर्वीसारखीच सगळी यादी दिसते. तुमचे दीर तुम्हाला फॉलो करत असतील, आणि घरातलेच आहेत म्हटल्यावर करतच असणार, तर नुसतं प्रायव्हेट करून त्यांच्यासाठी काहीही बदलत नाही. अंगणाला कुंपण घातलं, पण माणूस आधीच पडवीत येऊन बसलेला आहे.

रिमूव्हचं काम इथे सुरू होतं, आणि म्हणूनच प्रायव्हेट आणि रिमूव्ह या दोन गोष्टी एकत्र असल्या तरच अर्थाच्या आहेत. रिमूव्ह कसं करायचं ते सोपं आहे. स्वतःच्या प्रोफाइलवर `Followers` उघडा, वरच्या शोधपट्टीत दिरांचं नाव टाका, नावाच्या उजवीकडे `Remove` दिसेल. दाबलं की खात्री करायला एक चौकट येते आणि त्यांना आम्ही हे कळवणार नाही, असंही तिथेच लिहिलेलं असतं. जाऊबाईंचं म्हणणं इथवर बरोबर आहे. त्यांच्या फोनवर घंटी वाजत नाही.

पण त्यांच्या फोनवर नक्की काय होतं ते जवळून बघू. तुमचे नवे फोटो त्यांच्या फीडमध्ये आपोआप येणं थांबतं. काही दिवसांनी ते मुद्दाम तुमचं प्रोफाइल उघडतात. आधी जिथे `Following` लिहिलेलं असायचं तिथे आता निळं `Follow` दिसतं. तुम्ही त्यांना फॉलो करत असाल तर `Follow Back` दिसतं, कारण रिमूव्ह हे एकाच बाजूने होतं. ते तुमच्या यादीतून जातात, तुम्ही त्यांच्या यादीत तशाच राहता. हे बघून ज्याला कळायचं त्याला कळतं. रोज तुमची यादी चाळणाऱ्याला तर पहिल्याच दिवशी.

आणि पुढे? तुमचं अकाउंट पब्लिक असेल तर ते तेच निळं बटण दाबतात आणि क्षणात परत फॉलोअर होतात. तुम्हाला विचारलंही जात नाही. न दाबता नुसते बघत बसले तरी फोटो, स्टोरी, यादी सगळं उघडं आहे. मेसेजही पाठवता येतो. जुन्या कमेंट, जुने लाइक जिथल्या तिथे राहतात. म्हणजे पब्लिक अकाउंटवरून माणूस रिमूव्ह केला तर तुमचा चार हजारांचा आकडा एकाने कमी होतो, बाकी काही नाही. तेच अकाउंट प्रायव्हेट असेल तर रिमूव्हला खरी धार येते. परत यायचं तर रिक्वेस्ट पाठवावी लागते, आणि तुम्ही ती स्वीकारेपर्यंत त्यांना आतलं काही दिसत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्रायव्हेट, मग रिमूव्ह. उलट केलंत तर मधल्या वेळात ते परत आत येऊ शकतात, आणि मग दार लावलं तरी ते आतच. आणखी एक खाचखळगा सांगते. समजा, महिनाभर प्रायव्हेट ठेवून बघितलं आणि मोसम आला म्हणून पुन्हा बिझनेस केलंत, तर ज्या रिक्वेस्ट पडून राहिल्या असतील त्या आपोआप मंजूर होतात. त्यात दिरांची असेल तर तीही. परत फिरायच्या आधी ती काढून टाका.

आता ब्लॉक. रिमूव्ह आणि ब्लॉक ही एकाच औषधाची लहान-मोठी मात्रा आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. रिमूव्हने एक नातं एका बाजूने सुटतं. ब्लॉकने दोन्ही बाजूंनी तुटतं आणि मागचंही पुसलं जातं. ब्लॉक केल्यावर त्या अकाउंटवरून तुमचे फोटो, स्टोरी, यादी दिसत नाही, अकाउंट पब्लिक असलं तरी. मेसेज पाठवून उपयोग नसतो, कुठे टॅग करता येत नाही, तुमचं नाव घालता येत नाही. तुम्ही त्यांना फॉलो करत असाल तर तेही सुटतं. पुढे कधी अनब्लॉक केलंत तरी फॉलो आपोआप परत जुळत नाही, दोघांनाही पहिल्यापासून करावं लागतं.

आणि त्यांनी तुमच्या फोटोंवर आजवर केलेले लाइक, लिहिलेल्या कमेंट, सगळं तुमच्या पोस्टवरून जातं. अनब्लॉक केलं तरी ते परत येत नाही. हे मी स्वतः अनुभवलं आहे. दापोलीजवळच्या मुरुडला आमच्या निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत. एका वर्षी एका जुन्या पाहुण्याशी आगाऊ रकमेवरून वाजलं आणि रागाच्या भरात मी त्यांना ब्लॉक केलं. आठवड्याने समेट झाला, अनब्लॉकही केलं. पण पाच वर्षांत त्यांनी आमच्या फोटोंखाली जे लिहिलं होतं, सोलकढीबद्दल, सकाळच्या घावनांबद्दल, आईच्या हाताबद्दल, ते गेलं ते गेलंच. नवे पाहुणे ते वाचून फोन करायचे. तुमच्या दिरांनी सुरुवातीला कौतुकाने काही लिहिलं असेल, 'आमच्या वहिनींच्या हातची आंबापोळी' असं काही, तर ब्लॉक करण्याआधी एकदा खाली जाऊन बघा.

ब्लॉक केल्याचंही त्यांना कळवलं जात नाही. पण ते कळतं, आणि रिमूव्हपेक्षा जास्त टोचून कळतं. ते तुमचं नाव शोधतात, सापडत नाही. अकाउंट बंद केलंत की काय, असं क्षणभर वाटतं. मग बायकोच्या फोनवर शोधतात, तिथे तुम्ही आहात, कालच आगळाची बाटली टाकली आहे. एवढ्यात उलगडा होतो. आणि बायकोच्या त्याच फोनवरून यादीही पुन्हा उघडते.

यावर इन्स्टाग्रामने एक उपाय दिला आहे. ब्लॉक करताना पर्याय येतो की हे अकाउंट आणि या माणसाची दुसरी असतील किंवा पुढे निघतील ती अकाउंटही ब्लॉक करा. पुढे निघणाऱ्या अकाउंटसाठी हा पर्याय 2021 मध्ये आला, आणि आधीपासून असलेली दुसरी अकाउंट 2022 मध्ये त्यात आली. ब्लॉक करायचंच ठरलं तर हाच निवडा. पण त्याची मर्यादा ओळखून ठेवा. एकाच माणसाची अकाउंट कोणती, याचा अंदाज इन्स्टाग्राम स्वतः बांधतं. बायकोचं अकाउंट तिच्या नंबरवर, तिच्या फोनवर असेल तर ते तिचंच धरलं जातं, आणि तसंच असायला हवं. गावात चार घरं ओलांडली की पाचवा फोन मिळतो. पब्लिक अकाउंटवर ब्लॉक एका अकाउंटला थांबवतो, ठरवून बसलेल्या माणसाला नाही.

मुलाने कदाचित `Restrict` सुद्धा सुचवलं असेल. त्याने त्यांच्या नव्या कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत आणि त्यांचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात. घरच्या माणसाने फोटोखाली वाकडं लिहायला सुरुवात केली तर ते फार कामाचं आहे. यादीशी त्याचा संबंध नाही.

इथवर तुम्ही जे विचारलंत त्याचं झालं. पण पत्र वाचल्यापासून मला एक शंका आहे, आणि तुमचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. दीर गिऱ्हाइकं यादीतूनच उचलतात, हे कशावरून?

त्यांच्या जागी बसून बघा. चार हजार नावं समोर आहेत. त्यातले निम्मे-अधिक नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी, सहज रील आवडलं म्हणून आलेले, काही तर नुसतीच बंद पडलेली अकाउंट. यातून आमसुलं कोण घेणार हे यादीवरून कळत नाही. याउलट तुमच्या फणसपोळीच्या फोटोखाली बघा. 'दर काय?', 'पुण्याला पाठवता का?', 'अर्धा किलो मिळेल का?' अशी दहा-बारा माणसं स्वतःच्या नावानिशी, नेमकं काय हवं ते सांगून उभी आहेत. ज्याला गिऱ्हाईक पळवायचं आहे त्याला यादीची गरजच नाही. कमेंटमधल्या नावावर बोट ठेवलं की मेसेज पाठवता येतो. पब्लिक अकाउंटवर कमेंट सगळ्यांना दिसतात, म्हणजे ब्लॉक केल्यावरही बायकोच्या फोनवरून दिसतातच.

हे नुसतं माझं म्हणणं म्हणून घेऊ नका, तपासून बघा. पहिली तपासणी आजच होईल. ज्या तिघांनी मेसेज दाखवले त्यांची नावं घ्या आणि गेल्या मोसमातल्या पोस्टखाली शोधा. तिघांनीही मेसेज येण्याआधी कुठेतरी दर विचारला होता का? त्या कमेंटची तारीख आणि दिरांच्या मेसेजची तारीख शेजारी ठेवा. कमेंटनंतर एक-दोन दिवसांत मेसेज आला असेल तर वाट तीच आहे.

तिघांवरून खात्री होत नसेल तर दुसरी तपासणी करा, तिला आठवडा लागेल. दोन विश्वासातली माणसं घ्या, ज्यांना दीर ओळखत नाहीत. समजा, एक पुण्यातली भाची आणि एक सावंतवाडीची मैत्रीण. भाचीने तुम्हाला फक्त फॉलो करायचं, लाइक नाही, कमेंट नाही. मैत्रिणीने फॉलो करायचं नाही, एका ताज्या पोस्टखाली 'दर काय?' एवढं लिहायचं. मग सात-आठ दिवस थांबायचं आणि दोघींनी मेसेजमधलं `Requests` उघडून बघायचं. हे विसरू नका, कारण अनोळखी माणसाचा मेसेज मुख्य यादीत येत नाही, तिथे पडून असतो, आणि 'काहीच आलं नाही' असा चुकीचा निकाल निघतो. एकट्या मैत्रिणीला आला तर गळती कमेंटमधून आहे. भाचीलाही आला तर ते खरोखर यादी चाळत आहेत आणि नव्या नावांवर लक्ष ठेवून आहेत.

माझा अंदाज मैत्रिणीचा आहे. तसं निघालं तर प्रायव्हेट, रिमूव्ह, ब्लॉक यातलं काहीच न करता बरंचसं काम होतं. प्रत्येक पोस्टमध्ये दर, वजन आणि कुरिअरचा खर्च स्वतःच लिहून टाका. बऱ्याच विक्रेत्या दर मुद्दाम लिहीत नाहीत, म्हणजे लोक विचारतील आणि पोस्ट वर चढेल असं त्यांना वाटतं. तुमच्या बाबतीत तो प्रत्येक प्रश्न दिरांच्या हातात दिलेली चिठ्ठी आहे. खाली ओळ घाला, 'मागणीसाठी मेसेज करा'. तरीही कुणी कमेंटमध्ये विचारलंच तर त्यांना मेसेजमध्ये उत्तर द्या आणि मग ती कमेंट काढून टाका. स्वतःच्या पोस्टवरची दुसऱ्याची कमेंट तुम्हाला काढता येते. कौतुकाच्या कमेंट राहू द्या, त्या तुमची जाहिरात आहेत. मागणीची कमेंट तेवढी उतरवायची. मोसमात सकाळी आंबापोळ्या उन्हात घातल्यावर एकदा आणि दिवेलागणीला एकदा, दोनदा बघितलं तरी पुरे. अगदीच घाईचे दिवस असतील तर त्या एका पोस्टवर तीन टिंबांतून `Turn off commenting` करा.

भाचीलाही मेसेज आला, म्हणजे यादीच चाळली जाते असं निघालं, तर मी दुकान प्रायव्हेट करायला सांगणार नाही. दुकानाची पाटी झाकून धंदा होत नाही. मग जुनी, दर वर्षी मागवणारी गिऱ्हाइकं वेगळी काढा. चार हजारांत अशी शे-दीडशे असतील, आणि तुमचं घर त्यांच्यावरच चालतं. त्यांची यादी इन्स्टाग्रामवर ठेवूच नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये ठेवा. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात. मेसेज प्रत्येकाला एकट्याला आल्यासारखा जातो, दुसरं कोण आहे हे कुणालाच दिसत नाही. यादी झाकणं म्हणजे तुम्हाला जे हवं होतं ते हेच. अट एकच, समोरच्याने तुमचा नंबर साठवलेला असला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचत नाही. म्हणून पार्सलमध्ये नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला आणि 'नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षीचा माल तयार झाला की आधी तुम्हाला कळवेन' असं लिहा. ग्रुप मात्र काढू नका. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि त्यातल्या एकाने दिरांना आत घेतलं की इन्स्टाग्राम बरं होतं म्हणायची पाळी येते.

एक गोष्ट कुठल्याच सेटिंगच्या हातात नाही, तीही सांगून ठेवते. तुमच्या गिऱ्हाइकाचं स्वतःचं अकाउंट पब्लिक असेल तर ती कुणाकुणाला फॉलो करते ही तिची यादी उघडी असते, आणि त्यात तुमचं नाव असतं. तुम्ही दार लावलंत तरी तिच्या खिडकीतून तुम्ही दिसता. एकेक करून असं शोधणं वेळखाऊ आहे, म्हणून त्याची फार काळजी करू नका, पण 'आता कुणालाच कळणार नाही' अशा भरवशावरही राहू नका.

दीर तुमचेच फोटो आपला माल म्हणून लोकांना पाठवत असतील, किंवा तुमच्या नावाशी मिळतंजुळतं अकाउंट काढून 'आम्हीच ते' म्हणत असतील, तर गोष्ट वेगळी. त्या तिघांकडून मेसेजचे स्क्रीनशॉट मागून घ्या, अकाउंटचं नाव आणि तारीख दिसेल असे. मग `Report` करायचं आणि ब्लॉकही करायचं, भावकी असली तरी. कमी दर सांगणं हा धंदा आहे, दुसऱ्याच्या नावावर विकणं ही फसवणूक आहे, आणि आमसुलं खराब निघाली तर शिव्या तुम्हाला बसतील.

तसं काही नसेल तर माझ्या मते ब्लॉक आत्ता करू नका. कारण नात्याचं आहे तसंच कामाचंही. पब्लिक अकाउंटवर ब्लॉकने त्यांचं फारसं अडत नाही, बायकोचा फोन घरातच आहे. तुमच्याकडून मात्र गणपतीच्या माटवीखाली बोलायचा एक विषय तयार होतो, आणि तिथे 'वहिनींनी मला ब्लॉक केलं' हे वाक्य 'मी त्यांची गिऱ्हाइकं फोडली' या वाक्याच्या फार आधी पोचतं. रिमूव्हही करू नका, त्याने तर काहीच साधत नाही आणि निळं बटण त्यांना दिसतं.

त्याऐवजी तिघांपैकी एका गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन तो मेसेज फोनवर ठेवा आणि चतुर्थीच्या बऱ्याच आधी, घरात गर्दी नसताना, दिरांसमोर धरा. 'भावोजी, हे माझ्या गिऱ्हाइकाने मला दाखवलं', एवढंच. ओरडायचं नाही, यजमानांना पुढे करायचं नाही. मेसेज गुपचूप जातात असं त्यांना वाटत असेल, गिऱ्हाइकं ते तुम्हाला दाखवतात हे त्यांना ठाऊक नसेल. ते कळल्यावर बरेच जण थांबतात. ते थांबले नाहीत, तर ब्लॉक करा, 'दुसरी अकाउंटही' हा पर्याय निवडून, आणि विचारलं तर केलं म्हणून सांगा. तेव्हा कारण दोघांनाही माहीत असेल.

पण त्याआधी त्या तीन कमेंटच्या तारखा बघा. काय निघतं ते मला कळवा.